अर्ध्या इमारतीतली आग

दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात २९ एप्रिल २०२० रोजी दुपारी दीडच्या सुमारास एका नव्या गोदामाला आग लागली. गोदाम अजून वापरात यायचं होतं. जमिनीखाली दोन मजले, वर चार, आणि आत नऊ वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसं. काम लवकर उरकायचं म्हणून त्या दिवशी नेहमीच्या जवळपास दुप्पट कामगार लावले होते. त्यातले ३८ जण मेले.

तळघराच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर शीतयंत्रणेच्या नळांचं वेल्डिंग चालू होतं. त्याच्या ठिणग्या छतावर फवारलेल्या युरेथेन फोममध्ये शिरल्या. पोलीस तपासात असं दिसलं, की सुरुवातीला ज्वाळा दिसल्याच नाहीत. फोम आतल्या आत धुमसत राहिला आणि मग एकाएकी भडकला. ठिणग्यांवर लक्ष ठेवायला नेमलेला माणूस जागेवर नव्हता. सगळ्यांना सावध करणारा तात्पुरता भोंगाही बसवलेला नव्हता.

त्या तळघरातून थेट बाहेर पडायला नकाशात एक वाट दाखवलेली होती. ती विटांनी बंद केलेली निघाली. भिंतींवर दमटपणाचं पाणी साचू नये म्हणून कुणीतरी तो निर्णय घेतला होता. वरच्या मजल्यांसाठी बाहेरच्या बाजूला लोखंडी जिना होता, पण नकाशात नसलेली पॅनेलं लावून तोही बंदिस्त केला गेला. उघडा राहिला असता तर धूर मोकळ्या हवेत गेला असता. बंदिस्त केल्यामुळे तोच जिना धूर आणि आग वर नेणारा मार्ग झाला. सर्वाधिक माणसं दुसऱ्या मजल्यावर दगावली, आगीपासून बऱ्याच वर.

या शहराने असा दिवस आधीही पाहिला होता. जानेवारी २००८ मध्ये इचॉनमध्येच एका बांधकाम चालू असलेल्या शीतगृहात आग लागून ४० कामगार गेले होते. तिथेही तळघर होतं आणि तिथेही युरेथेन फोमचं काम झालेलं होतं.

या दोन्ही आगींची कारणमीमांसा वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. भिंत बांधणारा गवंडी, फोम फवारणारा कारागीर आणि वेल्डर या तिघांनी आपापलं काम केलं. ती तीन कामं एकाच जागी, एकाच दिवशी एकत्र येत आहेत हे पाहणारं तिथे कुणी नव्हतं. बांधकामाच्या साईटवर आग लागते ती बहुधा अशा सांध्यांमध्ये.

पूर्ण झालेल्या इमारतीत आग रोखायला बरंच काही असतं. जिन्याला आपोआप मिटणारी दारं असतात, छताला पाणी फवारणारे स्प्रिंकलर असतात, धूर ओळखणारी यंत्रणा असते. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या पाइपांभोवतीची भोकं बुजवलेली असतात. बांधकाम चालू असताना यातलं जवळपास काहीच नसतं. ही सगळी कामं शेवटच्या टप्प्यात होतात, आणि प्लायवूड, रंग, फोम, पुठ्ठ्याची खोकी हा पेटणारा माल नेमका त्याच टप्प्यात सर्वांत जास्त असतो. म्हणून साईटवरचा सगळ्यात धोक्याचा काळ स्लॅब पडत असतानाचा नसतो. इमारत बाहेरून तयार दिसू लागते आणि आत फर्निचर, फॉल्स सीलिंग, वातानुकूलनाची कामं सुरू होतात, तो काळ खरा धोक्याचा.

लंडनमध्ये २३ जून १९९० च्या मध्यरात्रीनंतर ब्रॉडगेट इथल्या एका चौदा मजली इमारतीत हेच घडलं. इमारतीच्या आत, पहिल्या मजल्यावर, ठेकेदाराची एक मोठी तात्पुरती खोली होती. आग तिथे लागली. स्प्रिंकलर अजून चालू झालेले नव्हते आणि धूर ओळखणारी यंत्रणाही काम करत नव्हती. लोखंडी सांगाड्यावर आगरोधक लेप देण्याचं काम अर्धवट होतं. साडेचार तास आग धुमसत आणि जळत राहिली. माणसं बचावली, इमारतही कोसळली नाही, पण अडीच कोटी पौंडांहून अधिक नुकसान झालं. त्यातला सांगाड्याच्या दुरुस्तीचा वाटा अगदी छोटा होता. बाकी पैसा धुराने आणि उष्णतेने खराब झालेल्या गोष्टींवर गेला. या आगीनंतर ब्रिटनमध्ये विमा कंपन्या आणि बांधकाम व्यावसायिकांनी मिळून १९९२ मध्ये साईटवरच्या आगीसाठी स्वतंत्र नियमावली केली. इमारतीच्या आत तात्पुरत्या खोल्या आणि कोठारं का नकोत, याची आठवण तेव्हापासून तिथल्या विमा करारांमध्येच लिहिली जाऊ लागली.

आपल्याकडे साईटवर पाऊल टाकलं की पहिल्यांदा नजरेत भरतात त्या वायरी. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी येते, मीटरच्या खोलीतून एक मुख्य डीबी निघतो आणि तिथून प्रत्येक मजल्यावर केबल चढते. इथपर्यंत काम बहुधा परवानाधारक वायरमनने केलेलं असतं आणि ते बरं असतं. गडबड सुरू होते ती मजल्यावरच्या शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये. फरशीवाल्याला कटर चालवायचा असतो, सुताराला करवत, प्लंबरला ड्रिल. सॉकेट दोनच असतात. मग एकाच्या वायरीतून दुसऱ्याची वायर निघते, सांध्याला टेप गुंडाळली जाते. प्लग नसेल तर वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून ती निसटू नयेत म्हणून काड्यापेटीची काडी ठोकली जाते. मुंबई-पुण्यातली एखादीच साईट असेल जिथे हे दृश्य कधीच दिसलं नाही.

हे सगळे जण एक वाक्य हमखास सांगतात: काही झालं तर एमसीबी पडेल. अनेक कामगारांचा आणि कित्येक सुपरवायझरांचाही यावर मनापासून विश्वास असतो. पण साईटवरच्या आगीच्या एका नेहमीच्या कारणाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. कसा, ते आकड्यांत पाहू.

एका सॉकेटवर दोन यंत्रं आणि काही दिवे चालू आहेत आणि मिळून १२ अँपिअर वीज वाहते आहे. वायरीच्या सांध्यात तांब्याच्या तारा फक्त पीळ देऊन जोडल्या आहेत. रोजच्या ओढाताणीने तो पीळ ढिला झाला, त्यात सिमेंटची धूळ आणि ओल गेली, तांब्यावर काळपट थर धरला. अशा सांध्याचा अवरोध समजा ०.३ ओहम झाला. अवरोधातून वीज वाहते तेव्हा उष्णता निर्माण होते. ती काढायची तर अँपिअरचा वर्ग करून अवरोधाने गुणायचं: १२ गुणिले १२ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे ४३ वॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कथील वितळवायला वापरतात ती डाखणी साधारण इतक्याच ताकदीची असते. इथे ही सगळी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या टेपच्या आत कोंडलेली असते. हळूहळू टेप मऊ होते, मग काळी पडते, मग पेटते. सांध्याखाली लाकडाचा भुसा असेल तर पुढचं सांगायला नको.

एमसीबीच्या बाजूने पाहिलं तर सगळं ठीक आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १२ अँपिअर जात आहेत, मग तो का पडेल? त्या सांध्यात व्होल्टेजही फक्त साडेतीन-चार व्होल्टने कमी होतं, त्यामुळे दिवा मंदावलेलाही जाणवत नाही. आरसीसीबी नावाचं दुसरं संरक्षण असतं. वीज वाट चुकून माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागली, तर ३० मिलिअँपिअरलाच ते पुरवठा तोडतं. शॉक लागून होणारे मृत्यू टाळायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि प्रत्येक मजल्याच्या डीबीत ते असायलाच हवं. पण ढिल्या सांध्यात वीज कुठे गळत नसते. ती नेहमीच्याच वाटेने, फक्त अडखळत जाते. त्यामुळे आरसीसीबीलाही तो दोष दिसत नाही.

दिसतो तो माणसाला, बघायचं ठरवलं तर. प्लग किंवा सॉकेटचा पांढरा रंग पिवळसर-तपकिरी होतो. वायर वाकवली की तिचं आवरण तडकतं. मोठं यंत्र सुरू झालं की त्याच रांगेतला दिवा क्षणभर फडफडतो. मजल्यावर जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास येऊ लागतो आणि कुठून येतो ते कळत नाही. हजार-दीड हजारांत मिळणारं, लांबून तापमान मोजणारं साधं उपकरण घेऊन वायरमनने यंत्रं चालू असताना आठवड्यातून एकदा प्रत्येक डीबी आणि सॉकेटवर फेरी मारली, तर असे सांधे पेटायच्या आधी सापडतात. शेजारच्या तीन सॉकेटपेक्षा चौथा बराच गरम दाखवत असेल तर तो उघडायचा.

सांधेच न करणं हा अर्थातच त्याहून चांगला उपाय. मजल्यावर पुरेशी सॉकेटं द्यायची. तीही घरगुती नव्हे, तर फिरवून घट्ट बसणारी, झाकणवाली, निळ्या रंगाची इंडस्ट्रियल सॉकेटं. एका मजल्यावर अशी सहा सॉकेटं बसवण्याचा खर्च एका खोलीच्या फरशीपेक्षा कमी येतो आणि मजला पूर्ण झाला की ती काढून वरच्या मजल्यावर नेता येतात. वायर लांब लागते म्हणून रिळावर गुंडाळलेली केबल वापरत असतील तर ती पूर्ण उलगडावी लागते. गुंडाळलेल्या केबलमध्ये आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. पूर्ण उलगडून जेवढा भार ती सहज पेलते, त्याच्या निम्म्या भारालाही गुंडाळी आतून वितळू शकते. बाहेरचे पदर थंडच लागतात, म्हणून हात लावून खात्री करणाराही फसतो.

वेल्डिंगच्या बाबतीत आणखी एक खोड आहे. वेल्डिंग मशीनची परतीची वायर, जिला साईटवर नुसतं अर्थिंग म्हणतात, ती कामाच्या जागेजवळ जोडायची सोडून मशीनजवळच्या एखाद्या सळईला किंवा पाइपाला चिकटवली जाते. सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलंच आहे, असा हिशोब त्यामागे असतो. मग वेल्डिंगची शेकडो अँपिअर वीज इमारतीच्या लोखंडातून मिळेल त्या वाटेने परत येते. वाटेत कुठे गंजलेला बोल्ट किंवा सैल क्लॅम्प असेल, तर तो तापतो. वेल्डर पाचव्या मजल्यावर असतो आणि धूर तिसऱ्या मजल्यावरून निघतो. परतीची वायर जोडाच्या शक्य तितक्या जवळ, त्याच तुकड्यावर लावायची, हा नियम त्यासाठीच आहे.

ठिणगी कितीही सांभाळली तरी साईटवर ती कुठे ना कुठे असणारच. म्हणून तिला खायला काय मिळतं याकडे वळायला हवं.

पुण्याजवळ मांजरी इथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २१ जानेवारी २०२१ रोजी दुपारी आग लागली. करोनाच्या लशीमुळे त्या आवाराकडे तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष होतं, त्यामुळे लस सुरक्षित आहे का हाच प्रश्न आधी विचारला गेला. लस सुरक्षित होती. त्या इमारतीत ठेकेदारांकडून कामाला आलेले पाच जण मात्र जळून मेले. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्याच दिवशी प्राथमिक माहितीच्या आधारे सांगितलं, की वेल्डिंगच्या ठिणग्यांनी इन्सुलेशनच्या साहित्याने पेट घेतला असावा. इचॉन आणि मांजरी यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे. पण वेल्डिंग आणि इन्सुलेशन ही जोडी दोन्हीकडे तीच.

इन्सुलेशनचे सगळे प्रकार सारखे नसतात, हे साईटवरच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. काचलोकर आणि रॉकवूल स्वतः पेटत नाहीत. थर्मोकोल वितळतो आणि जळते थेंब खाली टाकतो. युरेथेन फोम त्याहून वाईट. तो झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. अशा धुराचे काही श्वास घेतले की माणूस गोंधळतो, पाय चालेनासे होतात, आणि दार दहा पावलांवर असूनही तो तिथपर्यंत पोचत नाही. इचॉनच्या वरच्या मजल्यांवर एवढी माणसं का गेली, याचं एक उत्तर या धुरात आहे.

म्हणून ज्या मजल्यावर फोमचं काम झालं आहे आणि तो अजून प्लास्टरने किंवा पॅनेलने झाकलेला नाही, तिथे वेल्डिंग करायचंच नाही. उरलेलं वेल्डिंग फोमच्या आधी उरकायचं. हे साधं वाटतं, पण त्यासाठी कामाचा क्रम आखताना नळकामाचा ठेकेदार आणि इन्सुलेशनचा ठेकेदार यांना एका टेबलाशी बसवावं लागतं, आणि एकाला उशीर झाला तर दुसऱ्याला थांबवण्याची हिंमत दाखवावी लागते. मुदतीचा दंड भरणाऱ्या बिल्डरला ही हिंमत कठीण जाते. खरी लढाई इथेच हरली जाते.

दुसरा माल म्हणजे थिनर, पीयू पॉलिश, लॅमिनेट चिकटवायचा झोंबऱ्या वासाचा गोंद. यांच्यातून निघणारी वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दाराखालून शेजारच्या खोलीत जाते. टोल्युइन हा थिनरमधला एक नेहमीचा घटक. तो चार अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी वाफ सोडू लागतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तो नेहमीच तयार असतो, असं समजायला हरकत नाही. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडून गेलं तर त्याची वाफ साधारण १९ घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. म्हणजे सात फूट रुंद, नऊ फूट लांब खोली, छतापर्यंत. खिडक्या प्लास्टिकने बंद करून आत पॉलिश चालू असतं, कारण वाऱ्याने धूळ चिकटते. आणि कोपऱ्यात हॅलोजन लावलेला असतो, कारण उजेड हवा असतो. हॅलोजनची नळी कित्येक शे अंशांपर्यंत तापते. साईटवरून हॅलोजन हद्दपार करून एलईडी आणणं हा आगीविरुद्धचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्विवाद उपाय आहे. बऱ्याच ठिकाणी तो वीजबिल वाचवण्यासाठी का होईना, झालाही आहे.

जवसाच्या तेलाचं पॉलिश असेल तर ठिणगीचीही गरज नाही. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. तेलकट चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात फेकला की ती उष्णता आत साठत जाते आणि कामगार घरी गेल्यावर काही तासांनी गोळा आपोआप पेटतो. अशा चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवायच्या.

हा माल ठेवायचा कुठे? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे तळघर किंवा जिन्याखाली. सावली असते, कुलूप लावता येतं, पाऊस लागत नाही. चोरीच्या दृष्टीने ती जागा उत्तम आहे. आगीच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, कारण वरच्या प्रत्येक माणसाची सुटण्याची वाट तिच्यावरून जाते. पेटणाऱ्या द्रवांचं कोठार इमारतीबाहेर, उघड्यावर, कुंपणाच्या आत पण फाटकाची वाट न अडवता असावं. पत्र्याच्या खोलीला वर आणि जमिनीलगत, दोन्हीकडे झडपा हव्यात. वरच्या झडपा सगळेच ठेवतात, पण जड वाफ बाहेर पडते ती खालच्या झडपांतून. दिव्याचं बटण खोलीच्या बाहेर हवं. मजल्यावर न्यायचा तो त्या दिवसापुरता माल, आणि संध्याकाळी उरलेला डबा परत कोठारात. यासाठी स्टोअरकीपरला एक वही पुरते: सकाळी किती गेला, संध्याकाळी किती आला. संध्याकाळचे रकाने कोरे असतील तर उरलेले डबे अजून वर मजल्यांवर पडून आहेत.

वेल्डिंग आणि गॅस कटिंगसाठी परवान्याची पद्धत असते, तिला साईटवर हॉट वर्क परमिट म्हणतात. कागद बहुतेक ठिकाणी भरला जातो. त्यामागचं काम मात्र तीन गोष्टींत आहे. सुमारे ११ मीटरच्या परिघातला पेटणारा माल हलवायचा. स्लॅबमधली भोकं आणि डक्टची तोंडं ओल्या गोणपाटाने किंवा आगरोधक कापडाने झाकायची, कारण ठिणग्या खालच्या मजल्यावर पडतात आणि तिथे काय आहे हे वेल्डरला दिसत नसतं. आणि काम संपल्यावर किमान तासभर एका माणसाने तिथेच थांबायचं. या तासाचीच सगळ्यात जास्त चोरी होते. वेल्डिंग साडेपाचला संपतं आणि सहाला साईट सुटते. साधा उपाय असा, की सुटण्याच्या आधी तासभर परवाना देणं बंद करायचं.

आता वाटेचा प्रश्न. तयार इमारतीत जिना जिथे आहे तिथेच राहतो. साईटवर वाट दर आठवड्याला बदलते. आज ज्या मोकळ्या मजल्यावरून कामगार सरळ दुसऱ्या जिन्याकडे जातो, तिथे परवा ब्लॉकची भिंत उभी राहते. दुसरा जिना चौथ्या मजल्यापर्यंतच झालेला असतो आणि पाचव्याला शटरिंगच्या टेकूंनी अडलेला असतो. तिसऱ्या लँडिंगवर फरशीची खोकी रचलेली असतात. यातलं प्रत्येक काम योग्य आहे, पण त्या दिवशी वर असलेल्या चाळीस माणसांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये हेल्मेट-बेल्टच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी: आज खाली यायच्या वाटा कोणत्या आणि कालची कोणती बंद झाली. मुकादमाने आपल्या टोळीला ती वाट चालवून दाखवावी. बिहार, बंगाल, ओडिशातून आलेल्या आणि कालच साईटवर उतरलेल्या पोराला मराठी किंवा इंग्रजी फलक वाचता येईलच असं नाही. भिंतीवर रंगवलेला मोठा बाण त्याला कळतो. भिंत बांधणाऱ्या गवंड्याने तो बाण झाकला, तर नवा बाण रंगवल्याशिवाय त्याचं त्या दिवसाचं काम पूर्ण धरायचं नाही.

आग लागली की धूर कुठून चढतो? लिफ्ट अजून बसलेली नसते, तिची पोकळी तळापासून गच्चीपर्यंत उघडी असते. शेजारी पाइप आणि वायरींचे डक्ट. हे सगळं मिळून इमारतीचं धुराडं बनतं, आणि जिना त्याला लागूनच असतो. माणसं पडू नयेत म्हणून लिफ्टच्या तोंडाशी जाळी किंवा दांड्या लावतात. त्या पडण्यापासून वाचवतात, धुराला अडवत नाहीत. निदान एक जिना तरी भिंतींनी बंद करून, प्रत्येक मजल्याला तात्पुरतं का होईना दार बसवून लवकर तयार करणं, आणि डक्टची भोकं मजल्यागणिक बुजवत जाणं, हे कामाच्या क्रमात आधी आणता येतं. इमारत पूर्ण होताना हे करायचंच असतं. चार महिने आधी केलं तर खर्च तोच.

दिव्यांचा मुद्दा इथे पुन्हा येतो. जिन्यातले दिवे आणि मजल्यावरची यंत्रं एकाच सर्किटवर असतील, तर आगीत पहिली वायर वितळून एमसीबी पडला, की जिनाही अंधारात जातो. जिन्याला स्वतंत्र सर्किट हवं आणि प्रत्येक लँडिंगला बॅटरीवर चालणारा एक दिवा हवा. सावध करण्यासाठीही ओरडणं पुरत नाही. ब्रेकर आणि कटरच्या आवाजात शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. हाताने दाबायचा हवेचा भोंगा प्रत्येक मजल्यावर टांगलेला असला आणि एक वाजला की वरखालचे सगळे वाजवायचे असं ठरलेलं असलं, तर विजेशिवायही इशारा पसरतो. माल चढवायच्या होइस्टने उतरायचं नाही, हेही सांगून ठेवावं लागतं. वीज गेली की तो मध्येच अडकतो, बहुधा धुरातच.

खाली जमल्यावर मोजणी करायची. अग्निशमन दलाचा अधिकारी फाटकातून शिरताच पहिला प्रश्न विचारतो, आत किती माणसं आहेत. मोठ्या साईटवर सात-आठ ठेकेदार असतात, प्रत्येकाची हजेरी वेगळी आणि तीही ठेकेदाराच्या खिशात. फाटकावर आत-बाहेर जाणाऱ्यांची एकच नोंद असेल तरच याचं उत्तर मिळतं. उत्तर नसेल तर जवानांना आधीच बाहेर आलेल्या माणसांच्या शोधात धुरात शिरावं लागतं.

या मोजणीत एक गट बहुतेकदा सुटतो: रात्री इमारतीतच झोपणारे. रखवालदार, त्याचं कुटुंब, दुसऱ्या दिवशी लवकर काम असलेली टोळी. तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये प्लायवूडचं आडोसं करून, स्टोव्ह किंवा छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक होतो आणि पावसाळ्यात कपडे वायरीवर वाळत घातलेले असतात. त्यांना इमारतीबाहेर राहायला जागा देणं हा ठेकेदाराचा खर्च आहे, कामगाराचा दोष नाही. तयार फ्लॅटच्या किमतीशी तोलून पाहिलं तर तो खर्च नगण्य आहे. इमारतीत झोपू नका असा फलक लावून आणि पर्याय न देता हा प्रश्न सुटल्याचं दाखवणं ही फसवणूक आहे.

शेवटी पाणी. राष्ट्रीय इमारत संहितेत बांधकाम चालू असतानाच्या काळासाठी नेमक्या सूचना आहेत. इमारत जसजशी वर जाईल तसतसा किमान १०० मिलिमीटर व्यासाचा एक कोरडा पाइप तिच्याबरोबर चढवत न्यायचा, त्याला तयार झालेल्या प्रत्येक मजल्यावर झडप, आणि खाली अग्निशमन गाडीला जोडता येईल असं तोंड. प्रत्येक मजल्यावर २,००० लिटर पाण्याचा साठा आणि दोन बादल्या. शिवाय आग विझवणं आणि बांधकाम या दोन्हींसाठी मिळून किमान २०,००० लिटरची टाकी. उंच इमारतीत हा पाइप नसेल तर जवानांना होज जिन्यातून खांद्यावर वर न्यावा लागतो. ज्या जिन्यातून ते चढतात, त्यातूनच कामगार उतरत असतात.

पाइप असला तरी त्याची एक चाचणी राहून जाते. मजल्यावरचे लोक क्युरिंगसाठी किंवा बादली धुण्यासाठी झडपेशी खेळतात आणि ती अर्धवट उघडी राहते. कधी कुणी ती काढूनच नेतो, पितळेला भाव असतो. पाइप कोरडा असल्याने हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीने खालून पाणी चढवलं, की ते तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या झडपेतून बाहेर पडतं आणि बाराव्या मजल्यावर आगीपाशी उभ्या असलेल्या जवानाच्या हातातला होज सुकाच राहतो. म्हणून महिन्यातून एकदा टाकीवरच्या पंपाने त्या पाइपात पाणी भरायचं, वरच्या मजल्यावर झडप उघडून धार किती येते ते पाहायचं, आणि खाली येताना प्रत्येक झडप हाताने घट्ट करायची. त्याच फेरीत खालच्या तोंडाशी वाळूचा ढीग तर पडला नाही ना, आणि काँक्रीटची गाडी तिथेच उभी करायची सवय लागली नाही ना, हेही दिसतं.